जोखीम कोणाची, गुण कोणाचे?

व्यवस्थापन असो की अभियांत्रिकी, पदवीच्या शेवटच्या वर्षात एक असाइनमेंट हमखास येते. एखादा उद्योग किंवा प्रकल्प निवडा, त्यातल्या जोखमी शोधा, शक्यता आणि परिणाम यांच्या तक्त्यावर प्रत्येकीला गुण द्या आणि रिस्क रजिस्टर तयार करा. सोलापुरातल्या मुलांना उद्योग शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या टॉवेलला आणि चादरीला या शहराच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यांचे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. चार दिवसांत रजिस्टर तयार होते. वीस ओळी, त्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग, वर कॉलेजचे बोधचिन्ह. सुताचे भाव वाढणे, डॉलर घसरणे, वीज जाणे, ऑर्डर रद्द होणे, कामगारांची गैरहजेरी, सगळे त्यात असते. त्या कारखान्यात रात्री झोपणारी माणसे मात्र त्यात कुठेच नसतात.

18 मे 2025 च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, कामगाराचे कुटुंब होते आणि एक तान्हे मूलही होते. त्या आगीचे कारण काय आणि दोष कोणाचा, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. ते तपास यंत्रणांचे आहे. पण मालक आणि कामगार एकाच छताखाली झोपलेले असताना आग लागली, तर ती दोघांत भेद करत नाही, एवढे त्या पहाटेने सोलापूरला दाखवून दिले. त्यानंतर गावात जे बोलले गेले त्यातले एक वाक्य मला जास्त खटकले: ‘नशिबात होतं, कोण काय करणार.’

नशिबाला दोष देणे ही आपली जुनी सोय आहे. तिला उत्तर म्हणून आपण विज्ञान शिकवतो, व्यवस्थापन शिकवतो, तक्ते शिकवतो. पण तक्ताही नशिबाइतकाच सोयीचा करून घेता येतो, हे आपण मुलांना सांगत नाही. ज्याला जोखीम सोसायची आहे त्याला न विचारता भरलेला तक्ता म्हणजे रंगीत नशीब. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: जोखमीला गुण देताना तो धोका ज्याच्या अंगावर येणार आहे तो माणूस समोर बसलेला असला पाहिजे, आणि तो नसेल तर त्या असाइनमेंटला गुण देऊ नयेत. हे भावनेपोटी म्हणत नाही. तक्त्याचे गणित नीट पाहिले तर तेही हेच सांगते.

एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. तो कल्पित आहे, पण सोलापूरच्या पूर्व भागात ज्याने दोन गल्ल्या पाहिल्या आहेत त्याला ओळखीचा वाटेल. तळमजल्यावर चोवीस माग. मागच्या खोलीत सुताचे आणि तयार टॉवेलचे गठ्ठे. जिन्याखाली विजेचा बोर्ड. माळ्यावर दोन खोल्या, त्यात परगावाहून आलेले एक कामगार कुटुंब राहते. भाडे द्यावे लागत नाही आणि मालाला राखणही होते. रस्त्याकडे एक शटर. रात्री अकराला ते खाली येते.

या कारखान्याचे रजिस्टर लिहायला बसलेला विद्यार्थी पहिली चूक पहिल्याच रकान्यात करतो. तो लिहितो: ‘आग.’ हे जोखमीचे वर्णन नव्हे, तो एक मथळा झाला. मथळ्याला गुण देता येत नाहीत, कारण कुठली आग, कधी, आणि तिने कोणाचे काय होणार, हे कळतच नाही. जोखमीचे वाक्य तीन भागांचे असते: आज असलेले कारण, उद्या घडू शकणारी घटना आणि तिचा परिणाम. ‘माळ्यावर कुटुंब झोपते आणि बाहेर पडायला कुलूप लावलेले एकच शटर आहे, अशा वेळी गोदामात आग लागली, तर जिन्यातून धूर वर चढून वाट बंद होईल आणि माणसे गुदमरून मरतील.’ हे वाक्य वाचताना अवघडल्यासारखे होते आणि तसे व्हायलाच हवे. ‘आग’ म्हटले की उपाय सुचतो ‘अग्निशामक सिलिंडर’. वाक्य पूर्ण लिहिले की कुलूप, जिना आणि झोपण्याची जागा समोर येते. उपाय वाक्यातच दडलेला असतो, म्हणून वाक्य आखूड ठेवण्याचा मोह टाळायचा.

दुसरी गल्लत होते ती जोखीम आणि चालू अडचण यांत. सोलापूर शहराला नळाचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या आड येते, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तरी रजिस्टरमध्ये ‘पाणीटंचाई होण्याची शक्यता’ अशी ओळ सापडते आणि तिला पाचपैकी पाच गुण असतात. जे घडतेच आहे त्याला शक्यता कसली? ती अडचण आहे, तिची यादी वेगळी करायची. जोखीम तिच्या पोटात आहे: नळाला पाणी नाही म्हणून आगीसाठी राखलेल्या टाकीतले पाणी लोक धुण्याभांड्याला काढतात, आणि नेमक्या त्या रात्री टाकी रिकामी असते. हे पुस्तकात मिळत नाही. हे माळ्यावर राहणाऱ्या बाईला विचारले तर पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आता गुणांकडे वळू. तक्त्याला दोन बाजू असतात, शक्यता आणि परिणाम. प्रत्येकीला एक ते पाच पायऱ्या. बहुतेक असाइनमेंटांत या पायऱ्यांपुढे ‘फार कमी, कमी, मध्यम, जास्त, फार जास्त’ एवढेच लिहिलेले असते. कमी म्हणजे किती, आणि किती काळात, हे ठरलेले नसेल तर पाच जण पाच अर्थ लावतात आणि तक्ता म्हणजे मतांची खिचडी होते. आपल्या कारखान्यासाठी आपण काळ एक वर्षाचा धरू. वर्षाला एक टक्क्याहून कमी शक्यता म्हणजे एक; एक ते दहा टक्के म्हणजे दोन; दहा ते तीस म्हणजे तीन; तीस ते साठ म्हणजे चार; साठच्या वर पाच. ही पट्टी काही आकाशातून पडलेली नाही, दुसरा दुसरी आखेल. पण आखायची ती गुण देण्याआधी आणि पहिल्या पानावर छापायची.

मग प्रश्न येतो, आगीला किती? मालक म्हणतो, ‘तीस वर्षं झाली, आमच्याकडं एकदाबी आग लागली नाही. एक लिहा.’ विद्यार्थी एक लिहितो. इथे संख्याशास्त्राचा एक साधा ठोकताळा कामी येतो. एखादी गोष्ट अमुक वर्षांत एकदाही घडली नसेल, तर तीनला त्या वर्षांनी भागावे. दर वर्षीची शक्यता तेवढ्यापर्यंत असू शकते, हे आपण पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणू शकतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. तीनला तीसने भागले की येतात दहा टक्के. म्हणजे मालकाच्या तीस निर्धोक वर्षांतून एवढेच सिद्ध होते, की वार्षिक शक्यता दहा टक्क्यांहून फारशी जास्त नसावी. ती एक टक्क्याहून कमी आहे हे त्यातून मुळीच निघत नाही. मालक खोटे बोलत नाही. त्याचा अनुभव खरा आहे, पण एका कारखान्याचा अनुभव अशा प्रश्नाला पुरत नाही. म्हणून शेजारच्या दहा-वीस कारखान्यांत, अग्निशमन दलाच्या नोंदींत आणि गावातल्या वर्तमानपत्रांत पाहायचे. त्यातून निदान ‘दोन’ हा गुण बोलून दाखवता येतो.

आणि दोन म्हणजे क्षुल्लक नव्हे. वर्षाला अवघी दोन टक्के शक्यता धरली तरी तीस वर्षांत एकदा तरी आग लागण्याची शक्यता सुमारे पंचेचाळीस टक्के होते. एका वर्षाच्या असाइनमेंटला जी गोष्ट दुर्मीळ दिसते, ती त्या माळ्यावर वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात नाणेफेकीइतकी जवळ असते. काळ किती धरायचा हे कोण ठरवतो, त्यावर उत्तर बदलते. प्रकल्प सहा महिन्यांचा असेल तर व्यवस्थापकाची जोखीम सहा महिन्यांची. राहणाऱ्याची तो राहील तितक्या वर्षांची.

परिणामाची बाजू याहून नाजूक आहे. तिच्यासाठी तीन वेगळ्या पट्ट्या लागतात: जिवाची, पैशाची आणि कामाच्या खोळंब्याची. जिवाच्या पट्टीवर पाच म्हणजे मृत्यू. आपल्या वाक्याला जिवाच्या पट्टीवर पाच मिळतात. विमा असल्याने पैशाच्या पट्टीवर समजा तीन, आणि माग लवकर सुरू करता येतील म्हणून खोळंब्याचे दोन. विद्यार्थी काय करतो? सरासरी काढतो. दहा भागिले तीन, म्हणजे तीन आणि थोडे वर. मेलेला माणूस विम्याने आणि लवकर सुरू झालेल्या मागांनी एक तृतीयांश भरून निघाला! हे कुणी मुद्दाम करत नाही. स्प्रेडशीटमध्ये सरासरीचे सूत्र हाताशी असते म्हणून होते. नियम सरळ आहे: तीन पट्ट्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, सरासरी कधीही काढायची नाही.

एवढी काळजी घेऊनही तक्ता आपल्याला फसवतो, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. आपल्या कारखान्यातल्या तीन ओळी घेऊ. पहिली, सुताचा भाव वाढून हाती घेतलेल्या ऑर्डरीत तोटा होणे: शक्यता चार, परिणाम तीन, गुणाकार बारा. दुसरी, पाळीच्या मध्ये तासभर वीज जाऊन उत्पादन खोळंबणे: शक्यता पाच, परिणाम दोन, गुणाकार दहा. तिसरी आपली आग: शक्यता दोन, परिणाम पाच, गुणाकार दहा. रजिस्टर गुणाकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले की सुताचा भाव सगळ्यांत वर जातो, आणि तासभर वीज जाणे व माणसे गुदमरणे एकाच रंगात शेजारी शेजारी बसतात.

गणित कुठेच चुकलेले नाही. चूक अशी, की एक ते पाच हे आकडे इथे केवळ क्रम सांगतात; अंतर सांगत नाहीत. परिणामाची चौथी पायरी दुसरीच्या दुप्पट वाईट आहे असे आपण कधी ठरवलेच नव्हते, तरी गुणाकार करताना ते गृहीत धरले जाते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत म्हणूनच परिणामाची दुसरी एक पट्टी सापडते, जिच्यात दर पायरीला आकडा दुप्पट होतो: 0.05, 0.10, 0.20, 0.40, 0.80. शक्यतेचे गुण तेच ठेवून ही पट्टी लावून पाहा. सूत: चार गुणिले 0.20, म्हणजे 0.80. वीज: पाच गुणिले 0.10, म्हणजे 0.50. आग: दोन गुणिले 0.80, म्हणजे 1.60. आग सुताच्या दुप्पट होऊन वर आली. कारखाना तोच, माणसे तीच, आपण भरलेले चौकोनही तेच. फक्त पट्टी बदलली आणि क्रम उलटला.

लुई अँथनी कॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने 2008 साली जोखीम तक्त्यांच्या या मर्यादा गणिताने मांडल्या. फार वेगळ्या आकाराच्या जोखमींना तक्ता एकच गुण देऊ शकतो आणि काही वेळा लहान जोखमीला मोठीच्या वर नेऊन ठेवतो, हे त्याने दाखवले. याचा अर्थ तक्ता फेकून द्यावा असा नाही. वीस ओळींतून आधी कुठल्या पाचांकडे पाहायचे, एवढे काम तो बरे करतो. पण पट्टी निवडणे हा हिशेब नसून निवाडा आहे, आणि निवाडा करणाऱ्याने तो उघड करायला हवा. ‘ज्या ओळीत जिवाचा परिणाम पाच आहे ती गुणाकार काहीही येवो, लालच राहील’ असा नियम पहिल्या पानावर लिहिता येतो. ज्यांनी तो लिहिला नाही त्यांनीही निवाडा केलेलाच असतो, फक्त त्याची जबाबदारी गुणाकारावर ढकललेली असते. नशिबावर ढकलणे आणि गुणाकारावर ढकलणे यांत मला फरक दिसत नाही.

आता रजिस्टरच्या उजवीकडच्या रकान्यांकडे येऊ. मुलांचा उत्साह इथे संपलेला असतो. जबाबदार व्यक्ती: ‘व्यवस्थापक’. उपाय: ‘प्रशिक्षण देणे, जनजागृती करणे’. उरलेली जोखीम: दहावरून चार. ही चार कुठून आली?

उपाय लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा: याने चौकोन कुठल्या दिशेला सरकतो? उघड्या तारा बदलणे, मागांखाली आणि बोर्डावर साचणारे कापसाचे तंतू रोज झाडून काढणे, याने आगीची शक्यता कमी होते. परिणाम तसाच राहतो. माळ्यावरून बाहेर उतरणारा दुसरा जिना आणि आतून किल्लीशिवाय उघडणारे दार, याने शक्यता तीच राहते. परिणाम कमी होतो. विम्याने पैशाच्या पट्टीवरचा आकडा खाली येतो. जिवाच्या पट्टीवरचा पाच जागचा हलत नाही. आणि राहण्याची सोय कारखान्याबाहेर केली, तर त्या वाक्याचा पायाच निघून जातो. जो उपाय कुठल्याच दिशेला चौकोन सरकवत नाही, तो वाक्यालंकार समजून खोडावा. ‘जनजागृती’ बहुतेक वेळा त्यातच जाते. ज्या दाराला कुलूप आहे त्याच्या आत झोपलेला माणूस कितीही जागृत असला तरी बाहेर कसा पडणार?

मात्र रजिस्टरच्या ओळी एकमेकींपासून सुट्या नसतात, हेही इथे लक्षात घ्यावे. कुलूप का लावतात? कारण खाली कुठेतरी ‘मालाची चोरी’ अशी ओळ आहे आणि तिचा उपाय आहे ‘रात्री शटरला कुलूप’. चोरीवरचा उपाय आगीच्या ओळीतले कारण झाला. कुटुंबाला बाहेर राहायला पाठवले तर राखण जाते आणि चोरीची शक्यता वाढते; शिवाय त्या कुटुंबावर भाडे पडते, ते कोणी भरायचे हा प्रश्न उभा राहतो. उपायातून जन्मलेली ही नवी जोखीम आहे आणि तिलाही स्वतःची ओळ हवी. जिथे भाड्याचा प्रश्न टाळून ‘कुटुंबास स्थलांतरित करणे’ एवढेच लिहिलेले असते, तिथे मालकाची जोखीम उचलून कामगाराच्या खिशात ठेवलेली असते. रजिस्टर तेव्हाही हिरवेगार दिसते.

कायद्याचे काय, असा प्रश्न कुणी विचारील. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 सालचा आहे. इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. रजिस्टरला यातून दोन पक्क्या तारखा आयत्या मिळतात. पुनरावलोकन त्याच महिन्यांत ठेवावे. पण प्रमाणपत्र यंत्रणेचे असते. टाकीतले पाणी धुण्याला जाते का, किल्ली कोणाच्या उशाशी असते, हे त्या कागदावर येत नाही. ते रजिस्टरमध्येच यायला हवे.

ते येते विचारण्यातून. विद्यार्थ्याने कारखान्यात जाताना आपला तक्ता गुंडाळून खिशात ठेवावा आणि आधी बोलावे. पूर्व भागात बोलणे तेलुगूत होईल, कन्नडमध्ये होईल, मराठीत होईल. वर्गात प्रत्येक भाषेचे एक तरी पोर असते, त्याला बरोबर न्यावे. ‘धोका किती वाटतो?’ असे विचारले तर ‘काय नाही’ हेच उत्तर येते, कारण खोली आणि काम दोन्ही त्याच मालकाच्या हातात असते. विचारायचे ते असे: ‘मावशी, रात्री लाइट गेली तर खाली कशा उतरता?’ ‘जिन्यानं. मोबाइलचा उजेड दावून.’ ‘शटर बंद असतंय की?’ ‘किल्ली जॉबरकडं असतीया. त्यो सकाळी येतोय.’ या दोन उत्तरांत शक्यता, परिणाम आणि उपाय तिन्ही आले. मत विचारू नये, कृती विचारावी. जोखीम कृतीत दिसते. आणि हे बोलणे मालकाच्या देखत करू नये, रजिस्टरमध्ये सांगणाऱ्याचे नावही लिहू नये. ज्याच्या भल्यासाठी वही लिहायची त्याचीच नोकरी तिच्यामुळे गेली, तर ते प्रबोधन नव्हे.

मालकालाही तितक्याच गांभीर्याने विचारावे. लहान कारखानदार खलनायक नसतो. सुताचा भाव, उधारी, बँकेचा हप्ता यांत त्याचा दिवस जातो आणि पुष्कळदा तो स्वतःही त्याच आवारात राहतो. दुसऱ्या जिन्याचा खर्च त्याला आज दिसतो; आग दिसत नाही. त्याला ‘कामगारांची काळजी घ्या’ असा उपदेश करण्यापेक्षा, एकाच ओळीत त्याच्या घरच्यांची आणि माळ्यावरच्यांची नावे शेजारी शेजारी ठेवून गुण त्यालाच द्यायला सांगावे. जॉबर, मालक आणि राहणारे कुटुंब यांनी वेगवेगळे दिलेले गुण नंतर मांडावेत. मालकाचा एक आणि मावशीचा चार असेल, तर सरासरी अडीच लिहून मोकळे होऊ नये. त्या तफावतीतच खरी माहिती असते. दोघांना वेगळे काय दिसते ते शोधून ओळीखाली लिहावे. परीक्षकाने गुण त्या टिपणाला द्यावेत.

शेवटचे दोन रकाने म्हणजे जबाबदार माणूस आणि इशारा. जबाबदार म्हणून पद लिहू नये, नाव लिहावे, आणि त्या माणसाला तेवढा खर्च करण्याचा अधिकार आहे का ते तपासावे. पाचशे रुपयांचा खर्चही मालकाला विचारून करणाऱ्या दिवाणजीच्या नावावर दुसरा जिना टाकणे ही फसवणूक आहे. इशारा म्हणजे जोखीम जवळ येत असल्याची खूण, आणि ती डोळ्यांनी दिसणारी हवी: आठवड्यात दोनदा ट्रिप होणारा बोर्ड, हाताला गरम लागणारे स्विच, टाकीवर रंगाने मारलेल्या रेघेखाली गेलेले पाणी, जिन्यावर येऊन बसलेले टॉवेलचे गठ्ठे. ‘परिस्थितीवर लक्ष ठेवणे’ हा इशारा नव्हे. जी खूण पाहून जॉबरने माग बंद करावेत, ती खूण त्याला वाचता येईल अशा भाषेत बोर्डाशेजारी भिंतीवर लावलेली असावी.

शिक्षकांना उतरवून काढलेले रजिस्टर ओळखायला कठीण नाही. सगळे गुणाकार सहा ते बारा यांच्या मध्ये असतात, कारण टोकाचा आकडा लिहायला कोणी धजावलेले नसते. परिणाम पाच एकाही ओळीला नसतो. प्रत्येक ओळीला जबाबदार माणूस एकच असतो. पहिल्या दिवशीचे आणि शेवटच्या दिवशीचे गुण तेच असतात, म्हणजे मधल्या काळात वही कोणी उघडलेली नसते. कधी कधी परदेशी नमुना इतका जसाच्या तसा उतरवलेला असतो, की सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात बर्फवृष्टीने वाहतूक खोळंबते! आपण हसतो आणि सही करतो. ती सही बंद झाली पाहिजे. जी मुले आज खोटे रजिस्टर भरून दहापैकी आठ गुण घेतात, तीच उद्या कारखान्यांत, नगरपालिकांत, ठेकेदारांकडे बसून खऱ्या इमारतींची रजिस्टरे भरणार आहेत. खोट्याची सवय आपण गुण देऊन लावलेली असेल.

म्हणून सोलापुरातल्या आणि बाहेरच्याही शिक्षकांना माझी विनंती आहे. या वर्षी ही असाइनमेंट देताना वीस ओळी मागू नका, पाच मागा. पाचही तीन भागांच्या वाक्यांत हव्यात, पट्टी पहिल्या पानावर छापलेली हवी, आणि प्रत्येक ओळीला निदान एक गुण असा हवा, जो ती जोखीम सोसणाऱ्या माणसाने स्वतः दिला आहे. विद्यार्थ्यांनो, असाइनमेंट जमा झाल्यावर तिची एक प्रत त्या कारखान्यात नेऊन द्या, मालकाला एक आणि माळ्यावर एक, त्यांना वाचता येईल त्या भाषेत. ज्या रजिस्टरची दुसरी प्रत माळ्यावर नेऊन द्यायला तुम्हाला संकोच वाटेल, ते कॉलेजातही जमा करू नका.